सर्व्हेअरचा आकडा पटत नाही? पुरात भिजलेल्या दुकानाचा क्लेम ओळीओळीने तपासा

पुराचं पाणी ओसरलं की दुकानदाराच्या दारात दोन माणसं येतात: तलाठी आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याचे पैसे मात्र सर्व्हेअरने मांडलेल्या हिशेबावर ठरतात. तो हिशेब हाती पडला की बहुतेक जण थेट शेवटची ओळ वाचतात, "एवढंच?" म्हणून चिडतात आणि "आमचं नुकसान यापेक्षा खूप जास्त आहे" असं पत्र लिहून मोकळे होतात. त्या पत्राचा काहीच उपयोग होत नाही. शेवटचा आकडा चार-पाच ओळींच्या वजाबाकीतून आलेला असतो, आणि भांडायचं असतं ते त्या ओळींशी.

इथे एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा, चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. वाशिष्ठीचं पाणी जुलैमध्ये दुकानात शिरतं, खालच्या फळ्यांवरचा माल भिजतो, माळ्यावरचा वाचतो. २०२१ च्या जुलैत ज्यांनी तिथला चिखल उपसला त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. दुकान आणि त्याचे आकडे रचलेले आहेत. हिशेबाची रीत खरी आहे. पॉलिसी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी मिळते. मालाची विमा रक्कम १७ लाख आणि शेड्यूलमध्ये एक्सेस, म्हणजे क्लेममधून दुकानदाराने स्वतः सोसायची रक्कम, १०,००० रुपये असं धरू.

सर्व्हेअर कोण, आणि त्याच्या हातात किती

आगीपुराच्या विम्यात नुकसान एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून पाहणी करून घेणं विमा कायद्याच्या कलम ६४-यूएम खाली कंपनीवर बंधनकारक आहे. वाहनांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. परवाना विमा नियामक आयआरडीएआय देते आणि तो विभागवार असतो. आगविम्याचा सर्व्हेअर वेगळा, मोटारीचा वेगळा. सर्व्हेअरला नेमते कंपनी, फी देते कंपनी; तरी आचारसंहितेनुसार त्याने दोन्ही बाजूंपासून स्वतंत्र राहून काम करायचं असतं. क्लेम द्यायचा की नाही हे तो ठरवत नाही. नुकसान कशामुळे झालं, ते पॉलिसीत बसतं का आणि किती झालं, एवढं तो लिहितो. निर्णय कंपनीचा. म्हणून "सर्व्हेअरने एवढेच दिलेत, आम्ही काय करणार" असं शाखेतून ऐकू आलं तर ते अर्धसत्य समजावं. त्याच कलमानुसार कंपनी त्याच्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कम देऊ शकते.

मुदतीही ठरलेल्या आहेत. जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जावा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. मोठ्या पुरात शेकडो क्लेम एकदम येतात आणि या तारखा घसरतात. तरी क्लेम कळवल्याची तारीख आणि वेळ ईमेलवर नोंदलेली असू द्या. फोनवर कळवलं असेल तर त्याच दिवशी ईमेलही टाका.

तो येण्याआधी आणि आल्यावर

चिखल उपसण्याची घाई होते, ती साहजिक आहे. पण आधी पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आहे त्याचा मोजपट्टी लावून फोटो काढा. कोणत्या फळ्या भिजल्या याचा पुढे सगळ्यात साधा पुरावा ती रेघच असते. मग कोरडा माल वेगळा करा आणि भिजलेला वाळत घाला. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीच्या अटींनुसार तुमचंच काम आहे. "सर्व्हेअर येईपर्यंत हात लावला नाही" हे कारण चालत नाही. मात्र भिजलेला माल फेकू नका. आरोग्याच्या कारणाने टाकावाच लागला तर आधी ईमेलवर कळवा आणि फोटो जपून ठेवा.

यादी दोन भागांत करा: भिजलेला माल आणि वाचलेला माल. दुसऱ्या भागाकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि आपल्या उदाहरणात निकाल त्याच्यावरच लागणार आहे. प्रत्येक प्रकाराचे नग किंवा मीटर, खरेदीचा दर आणि बिल क्रमांक लिहा. सर्व्हेअरसमोर मोजणी झाली की प्रत्येक पानावर त्याची सही घ्या आणि तुमचीही करा. तलाठ्याला सांगितलेला नुकसानीचा आकडा याच यादीतून दिलेला असावा. पंचनाम्यात पाच लाख आणि क्लेममध्ये बारा, तर प्रश्न येणारच.

कागद म्हणून तो गेल्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद, चालू वर्षाचं खरेदी-विक्री रजिस्टर, जीएसटी विवरणपत्रं आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट मागतो. या शेवटच्या कागदावर बरेच क्लेम अडतात. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकवायची म्हणून महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवण्याची सवय बाजारात आहे. १९-२० लाखांचा माल बँकेला २४ लाख दाखवला असेल, तर सर्व्हेअर म्हणतो, "२४ लाखांचा माल आणि विमा १७ लाखांचा." त्यावर "ते बँकेसाठी होतं" हे उत्तर कुठेच लिहून देता येत नाही.

हिशेब कसा मांडला जातो

सर्व्हेअर दोन वेगवेगळे प्रश्न सोडवत असतो. पहिला, नुकसान किती? याचं उत्तर मोजणीतून येतं. दुसरा, घटनेच्या क्षणी दुकानात एकूण किती किमतीचा माल होता? याचं उत्तर वह्यांतून. दुसरा प्रश्न विमा पुरेसा होता का हे ठरवतो.

वह्यांचा हिशेब असा: १ एप्रिलचा सुरुवातीचा माल, अधिक पुरापर्यंतची खरेदी, वजा विकलेल्या मालाची मूळ किंमत. विक्रीतून ढोबळ नफा काढला की मूळ किंमत मिळते. नफ्याचं प्रमाण मागच्या वर्षांच्या हिशेबातून घेतात. आपल्या दुकानात सुरुवातीचा माल १५,८०,००० आहे. विक्री ६,२५,००० आणि ढोबळ नफा २० टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ५,००,०००. खरेदी सर्व्हेअरने जीएसटीआर-२बी मधून ९,६०,००० घेतली. म्हणून त्याच्या मते दुकानातला माल २०,४०,००० रुपयांचा.

आता विमा १७ लाखांचा, माल २०.४० लाखांचा. तूट १६.६७ टक्के. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ती ओलांडली की फक्त वरचा भाग नाही, तर पूर्ण प्रमाण लागू होतं: नुकसान गुणिले १७, भागिले २०.४०. सगळ्या नुकसानीचा सहावा हिस्सा दुकानदाराच्या अंगावर पडतो. याला अपुऱ्या विम्याची कपात किंवा अ‍ॅव्हरेज म्हणतात.

भिजलेला माल मोजून १२,००,००० रुपयांचा निघाला. सर्व्हेअरचा तक्ता असा आला:

- भिजलेला माल, खरेदी किमतीने: १२,००,०००
- वजा जुना, न खपणारा माल १० टक्के: १,२०,०००, उरले १०,८०,०००
- वजा साल्व्हेज, म्हणजे भिजलेल्या मालाला येणारी किंमत, ४० टक्के: ४,३२,०००, उरले ६,४८,०००
- अपुऱ्या विम्याची कपात, १७/२०.४० प्रमाणे: उरले ५,४०,०००
- वजा एक्सेस १०,०००
- देय: ५,३०,०००

बारा लाखांचा माल गेला आणि हाती सव्वापाच. इथे दुकानदाराचा संयम सुटतो. पण तक्ता खोटा नाही. त्यात तीन ओळी तपासण्यासारख्या आहेत.

पहिली ओळ: जुना माल

सरसकट १० टक्के कपात दिसली की एकच प्रश्न लेखी विचारायचा: हे प्रमाण कशावरून? न खपणारा माल वजा करणं योग्यच आहे. तीन दिवाळ्या पडून राहिलेल्या सुटाच्या कापडाला खरेदी किंमत मागणं बरोबर नाही. पण तो माल ओळखता यायला हवा. दुकानदाराने भिजलेल्या यादीसमोर खरेदी बिलांच्या तारखा लावल्या. दोन वर्षांहून जुना माल निघाला ८०,००० रुपयांचा. त्यावर निम्मी घट त्याने स्वतःच मान्य केली: ४०,०००. असं काहीतरी मान्य करणं शहाणपणाचं असतं. सगळंच नाकारणाऱ्याची बरोबर हरकतही कोणी नीट वाचत नाही.

आता १२,००,००० वजा ४०,०००, म्हणजे ११,६०,०००.

दुसरी ओळ: साल्व्हेज

भिजलेल्या मालाला काहीतरी किंमत येतेच. ती नुकसानीतून वजा होते आणि माल बहुधा तुमच्याकडे राहतो. सर्व्हेअरने ४० टक्के धरले ते अंदाजाने, कदाचित दुसऱ्या शहरातल्या अनुभवावरून. पुराचं पाणी गटाराचं, गाळाचं असतं. वास जात नाही, रंग उतरतो, आणि त्याच आठवड्यात सगळी बाजारपेठ भिजलेला माल विकायला काढते, त्यामुळे भाव पडतो.

उत्तर बाजारातून आणायचं. मोडीत माल घेणाऱ्या तीन व्यापाऱ्यांकडून लेखी देकार घ्या. त्यावर त्यांचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि "माल प्रत्यक्ष पाहिला" हे वाक्य हवं. व्यापारी भाचा-पुतण्या निघाला तर सगळंच फसतं. देकार आणण्याआधी सर्व्हेअरला ईमेल करा की तुम्हीही तुमचे खरेदीदार पाठवा. मग देकार एकतर्फी होते असं म्हणता येत नाही. आपल्या दुकानात सर्वात मोठा देकार २,९०,००० आला, म्हणजे ११,६०,००० च्या २५ टक्के.

तरीही सर्व्हेअर ४० टक्क्यांवर अडला तर एक साधं वाक्य लिहून द्या: "आपण धरलेल्या किमतीला माल विकत घेणारा खरेदीदार कृपया सुचवावा, माल तयार आहे." माल कंपनीच्या गळ्यात टाकून मोकळं होण्याची मुभा पॉलिसी देत नाही, म्हणून "माल तुम्हीच न्या" असा हट्ट धरू नका. खरेदीदार सुचवा एवढंच म्हणा. अंदाजाच्या आकड्याला हा प्रश्न झेपत नाही.

तिसरी ओळ: अपुरा विमा

साल्व्हेजइतकाच मोठा फरक इथे आहे आणि तो सगळ्यात कमी दिसतो. दुकानदाराने जूनमध्ये ६०,००० रुपयांचा माल सुरतेच्या व्यापाऱ्याला परत पाठवला होता. त्याची क्रेडिट नोट आहे, वाहतुकीची पावती आहे. पण सर्व्हेअरने खरेदीची ढोबळ बेरीज घेतली, परतावा वजा केला नाही. खरी खरेदी ९,००,०००, म्हणून माल १९,८०,०००. तूट २.८० लाख, म्हणजे १४.१४ टक्के. पंधराच्या आत. कपात शून्य.

इथे वाचलेल्या मालाची यादी कामी येते. भिजलेला १२,००,००० आणि माळ्यावरचा कोरडा ७,८०,०००, मिळून १९,८०,०००. प्रत्यक्ष मोजणी आणि दुरुस्त वह्या तंतोतंत जुळतात. सर्व्हेअरच्या हिशेबात मात्र ६०,००० रुपयांचा असा माल आहे जो भिजला नाही, वाचला नाही आणि कोणी पाहिलाही नाही. तक्त्यातली एवढी विसंगती दाखवली की वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. एरवी रुपयाला रुपया क्वचितच जुळतो. थोडा फरक राहतो, तो किती आणि का हे सांगता आलं की पुरे.

नवा हिशेब: ११,६०,००० वजा साल्व्हेज २,९०,०००, उरले ८,७०,०००. एक्सेस वजा जाता ८,६०,०००. आधीच्या आकड्यापेक्षा ३,३०,००० जास्त.

एक मागणी जी उलटते

या टप्प्यावर कोणीतरी सल्ला देतो की जीएसटीही मागा. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मुळे उलटवावं लागतं, म्हणजे तो कर दुकानदाराचा खर्च होतो. क्रेडिट उलटवल्याची नोंद ३बी विवरणपत्रात दाखवली तर मागणीला आधार मिळतो. कंपोझिशनवाल्याला क्रेडिट मिळतच नाही, त्याच्यासाठी कर हा पहिल्यापासून किमतीचाच भाग. मोडीत विकल्या जाणाऱ्या मालाचं काय करायचं, ते आपल्या सीएला विचारून ठरवावं.

पण नुकसानीत कर धरला की दुकानातल्या एकूण मालातही तो धरावा लागेल. एका बाजूला करासह आणि दुसऱ्या बाजूला कराविना असा हिशेब टिकणार नाही. कापडावर ५ टक्के धरले तर १९.८० लाखांचा माल २०.७९ लाख होतो. तूट १८ टक्क्यांवर जाते, माफी संपते आणि पूर्ण कपात परत येते. हिशेब करून पाहिला तर हाती साडेसात लाखांच्या आसपास येतात, साडेआठाऐवजी. पन्नास-साठ हजारांचा कर मागायला जाऊन लाखाहून जास्त गमावायचे. म्हणून प्रत्येक हरकत पाठवण्याआधी पूर्ण तक्ता पुन्हा मांडा. एक ओळ हलली की खालच्या सगळ्या हलतात.

हरकत कशी पाठवायची

अंतिम अहवाल जाण्याआधी सर्व्हेअर बहुधा तक्ता पाठवून संमतिपत्र मागतो. तुमची संमती आहे की नाही याची नोंद त्याच्या अहवालात असणं अपेक्षित आहे. "सही केली नाही तर क्लेम अडकेल" असं सांगितलं तरी मनाविरुद्ध कोरी संमती देऊ नका. हीच सगळ्यात स्वस्त वेळ आहे. अहवाल गेल्यावर तीच दुरुस्ती दहापट कष्टाची होते. सर्व्हेअरला ईमेल करा, प्रत कंपनीच्या क्लेम विभागाला:

"आपल्या दिनांक … च्या मूल्यांकनातील पुढील तीन बाबी मला मान्य नाहीत. एक, खरेदीत ६०,००० रुपयांचा परतावा वजा केलेला नाही. क्रेडिट नोट व वाहतूक पावती सोबत. दोन, जुन्या मालाची १० टक्के कपात. वयानुसार यादी सोबत, त्यानुसार ४०,००० रुपये मान्य. तीन, साल्व्हेज ४० टक्के. तीन लेखी देकार सोबत. सुधारित हिशेब जोडला आहे. बाकी बाबी मान्य आहेत. आपण असहमत असाल तर बाबनिहाय कारणं कळवावीत आणि ही हरकत अहवालासोबत जोडावी."

अहवाल तसाच गेला तर कंपनीकडे त्याची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग कंपनीला लिहा की याच सर्व्हेअरकडून या तीन मुद्द्यांवर पूरक अहवाल घ्यावा. दुसरा सर्व्हेअर नेमा अशी मागणी मला सहसा पटत नाही. माल तोवर विकला किंवा सडला असतो, आणि नवा माणूस कागदावरूनच लिहितो. उलट, कंपनीने आपल्या सोयीचा आकडा मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमले तर ते चालत नाही. ठोस कारण नोंदवल्याशिवाय असं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये श्री वेंकटेश्वरा सिंडिकेटच्या प्रकरणात म्हटलं आहे.

दरम्यान कंपनी ५,३०,००० देऊ करते आणि "पूर्ण व अंतिम" असं छापलेलं डिस्चार्ज व्हाउचर पुढे करते. पैशांची निकड असते, दुकान उभं करायचं असतं. घ्या, पण सही करण्याआधी कंपनीला ईमेल करा की ही रक्कम हरकत राखून, वादात नसलेला हिस्सा म्हणून स्वीकारत आहे. आणि जमल्यास व्हाउचरवरही तेच लिहा. नुसत्या सहीने ग्राहकाचा मार्ग बंद होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटनच्या निकालात सांगितलं. पण सही दबावाखाली किंवा फसवून घेतली हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागतं. सहा महिने गप्प बसून मग "दबाव होता" म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? त्याच दिवशीचा ईमेल हाच पुरावा.

कंपनीने ऐकलं नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच नोंदवता येते. पोर्टल तक्रार कंपनीकडे ढकलतं आणि तिचा माग ठेवतं, रक्कम ठरवून देत नाही.

एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, तक्रार cioins.co.in वर ऑनलाइन करता येते, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. एकल मालकीचं दुकान किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर दार उघडं आहे. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. भरपाईची मर्यादा ५० लाख. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं आणि तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्यासारख्या तीन ओळींच्या, कागदांनी सिद्ध होणाऱ्या वादाला माझ्या मते हीच जागा योग्य.

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार अधिकारक्षेत्र नुकसानीच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरतं, म्हणून दुकानाचा क्लेम जिल्हा आयोगातच बसतो आणि पाच लाखांपर्यंतच्या हप्त्याला शुल्कही नाही. तिथे कंपनीचा वकील "सर्व्हेअरचा अहवाल आहे" एवढ्यावर उभा राहतो. त्याला उत्तर २००९ च्या प्रदीपकुमार निकालात आहे: अहवाल हा शेवटचा शब्द नाही. पण २०२१ चा खटेमा फायबर्सचा निकालही वाचून जा. सर्व्हेअरने मनमानी केली किंवा आचारसंहिता मोडली असं दिसत नसेल, तर आयोगाने त्याच्या जागी बसून नव्याने मोजमाप करू नये, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे "मला कमी वाटतं" हे तिथे हरतं. क्रेडिट नोट समोर ठेवून, मुद्दा लिहून कळवूनही परतावा वजा केला नाही आणि कारणही दिलं नाही, ही मनमानी दाखवता येते. त्यासाठी ती नोट आणि तो ईमेल अहवालाच्या तारखेआधी सर्व्हेअरकडे पोचलेले असले पाहिजेत.